घरी चार्जिंग की हायवेवरचा फास्ट चार्जर? युनिटचा हिशेब जुळेना

फणसपोळी | ११ फेब्रुवारी २०२५

मंडळी, जरा मदत हवी आहे. आम्ही कुडाळला राहतो, माझी शाळा सावंतवाडीत. रोजचं जाणं-येणं आणि रविवारची भटकंती धरून महिन्याला हजार किलोमीटर होतात. डिसेंबर संपता संपता इलेक्ट्रिक गाडी घेतली. शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "मॅडम, घरी लावा, किलोमीटरला रुपयाही पडणार नाही." आमच्या ह्यांनी घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. वीज सहा रुपये युनिट, गाडी युनिटला सात किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला ८५ पैसे. त्या आनंदात पेढे वाटून झाले.

आता जानेवारीचं बिल आलंय. गाडीच्या आधी आमचं घर महिन्याला १६० युनिटच्या आसपास असायचं आणि बिल १,६३० च्या घरात. या वेळी ३२२ युनिट आणि बिल ३,८९०. (इंधन समायोजन आकार दोन्ही बिलांत वेगळा होता, तो बाजूला काढून सांगतेय.) म्हणजे गाडीने २,२६० रुपये खाल्ले. किलोमीटरला सव्वादोन रुपये झाले, ८५ पैसे कुठे राहिले?

दुसरं म्हणजे गाडीच्या पडद्यावर महिन्याचा वापर १४३ युनिट दाखवतोय आणि मीटर मात्र १६२ ने वाढलाय. मधले १९ युनिट कुठे गेले? हे म्हणतात मीटर पळतंय, तक्रार करू. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर फास्ट चार्जर आहे, त्याच्या अ‍ॅपमध्ये १८ रुपये युनिट दिसतं. आठवड्यातून एकदा तिथेच भरून आलेलं बरं का?

कोकमसार | ११ फेब्रुवारी

ताई, सोपं आहे. ३,८९० भागिले ३२२, म्हणजे युनिट तुम्हाला १२ रुपये ८ पैशांना पडलं. पंपावर १८. घरच सहा रुपयांनी स्वस्त. विषय संपला.

आणि रात्री अकरानंतर लावा, रात्रीची वीज स्वस्त असते.

परळ_ते_पावस | ११ फेब्रुवारी

मला घरी युनिट सात रुपयांच्या आत पडतं, तेही सगळे कर धरून. दिवाळीला पावसच्या घरी आठवडाभर होतो, गाडी चार वेळा चार्ज केली, ७० युनिट गेले. त्याचे ४७८ रुपये आले, बिल समोर ठेवून लिहितोय. तुमचं मीटर नक्की तपासून घ्या, कुठेतरी घोळ आहे.

गडनदी | ११ फेब्रुवारी

माजी स्कूटर रोज चार्जिंगाक लावतंय, महिन्याक शंभर रुपयेसुद्धा वाढले नाय. बाय, तू स्कूटर घेवची होतंस. कुडाळ-सावंतवाडी काय लांब?

फणसपोळी | १२ फेब्रुवारी

गडनदी, पावसात दोन मुलं आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन स्कूटरवर? तुम्ही या न्यायला.

परळकर, तुम्हाला सात आणि मला चौदा, एकाच कंपनीची वीज असून असं कसं? हेच तर कळत नाहीये.

तारमास्तर | १२ फेब्रुवारी

तुमचं मीटर ठीक आहे, परळकरांचंही ठीक आहे. खात्यात बत्तीस वर्षं काढली, "मीटर पळतंय" हे वाक्य हजारदा ऐकलंय. खरंच पळणारं मीटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं सापडलं.

घोळ "युनिटचा दर" या शब्दात आहे. घरगुती विजेला एक दर नसतो, जिन्याच्या पायऱ्या असतात. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरांत पहिल्या १०० युनिटना ४.७१, पुढच्या २०० ना १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४. प्रत्येक युनिटवर वहन आकार १.१७ वेगळा. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. लोक बिलाच्या मागे बघताना फक्त पहिली ओळ वाचतात. वहन आकार मिळवला की ती ५.८८ होते आणि "सहा रुपये युनिट" असं डोक्यात बसतं.

आता गाडी कुठल्या पायरीवर उभी आहे ते बघा. फ्रिज, पंखे, पंप, मिक्सर, तुमचं घर आधीच १६० वर आहे. स्वस्त शंभर युनिट घराने गाडी येण्याआधीच खाऊन टाकले. गाडीचं पहिलं युनिट १६१ वं आहे. त्याला वहन आकारासह ११.४६ आणि शुल्क धरून १३.२९ रुपये लागतात. १६१ ते ३०० ही १४० युनिटं त्या दराने गेली, १,८६१ रुपये. ३०० ओलांडल्यावर २२ युनिटं पुढच्या पायरीवर चढली, तिथे शुल्कासह १८.२४, म्हणजे ४०१ रुपये. बेरीज २,२६२. तुमच्या बिलातल्या वाढीशी रुपया-दोन रुपयांत जुळतंय.

परळकरांचं पावसचं घर वर्षातले दहा-अकरा महिने बंद असणार. त्यांच्या गाडीला पहिली पायरी रिकामी मिळाली. ५.८८ अधिक शुल्क म्हणजे ६.८२, सत्तर युनिटांचे ४७८. बरोबरच आहे. फक्त हा त्यांच्या बंद घराचा दर आहे, गाडीचा नव्हे.

कोकमसार, सरासरी काढलीत तिथे फसलात. बारा रुपये आठ पैशांत फ्रिज-पंख्यांचे स्वस्त युनिटही मिसळले आहेत आणि १२८ रुपये स्थिर आकारही, जो गाडी नसती तरी भरावाच लागला असता. गाडीचा खर्च हवा असेल तर गाडीसह बिल वजा गाडीशिवाय बिल, एवढंच. ती वजाबाकी फणसपोळींनी पहिल्याच पोस्टमध्ये केली आहे. २,२६२ भागिले १६२, मीटरच्या एका युनिटला १३.९६.

आणि रात्री स्वस्त हे या २०२४-२५ च्या दरांत कारखान्यांना आहे. आपल्या साध्या घरगुती मीटरला रात्र काय, भर दुपार काय, युनिट म्हणजे युनिट.

कोकमसार | १२ फेब्रुवारी

मान्य. पण तेरा रुपये शहाण्णव पैसे धरले तरी १८ पेक्षा कमीच ना? माझा निष्कर्ष बरोबर होता, हिशेब चुकला एवढंच. :)

तारमास्तर | १२ फेब्रुवारी

निष्कर्ष बरोबर, पण आता तुम्ही शेर आणि मापटं एकाच तराजूत घातलंत. घरचं युनिट भिंतीतलं आहे, पंपावरचं युनिट बॅटरीत घातलेलं.

इथेच फणसपोळींचे १९ युनिट सापडतात. बॅटरीला डीसी लागतो, घरी येतो एसी. घरी चार्ज करताना एसीचा डीसी करणारं यंत्र गाडीच्या पोटात असतं, ते गरम होतं, आणि चार्जिंग चालू आहे तोवर गाडीचे बाकीचे मेंदू, पंप, पंखेही जागे राहतात. ही सगळी वीज तुमच्या मीटरमधून जाते पण बॅटरीत पोचत नाही. दहा ते पंधरा टक्के गळती नेहमीची. १४३ भागिले १६२ म्हणजे ८८ टक्के, अगदी मधोमध.

फास्ट चार्जरमध्ये हे रूपांतर त्या कपाटाएवढ्या यंत्रातच होतं आणि बिल सहसा बंदुकीतून गाडीत गेलेल्या डीसी युनिटांचं येतं. तिथली गळती चार्जरवाल्याच्या मीटरवर. म्हणून घरचा दर बॅटरीच्या युनिटात आणायचा तर २,२६२ ला १४३ ने भागा. येतात १५.८२ रुपये.

आणि पंपाचे १८ हे १८ नाहीत. चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी आहे. अ‍ॅपमध्ये मोठ्या अक्षरात दर, खाली बारीक अक्षरात "कर वेगळा". १८ चे २१.२४ होतात. १४३ युनिट तिथून घेतले असते तर ३,०३७ रुपये.

घरी किलोमीटरला २.२६, पंपावर ३.०४. फरक महिन्याला पावणेआठशे रुपयांचा. घर स्वस्त आहे, पण शोरूमवाला सांगतो तितकं नाही.

फणसपोळी | १२ फेब्रुवारी

मास्तर, तुमची पोस्ट ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. तक्रारअर्ज फाडला. पण एक शंका उरली. १९ युनिट गळतीच आहे, मीटरची चूक नाही, हे माझ्या घरी बसून मी तपासू शकते का? ८८ टक्के मधोमध आहे म्हणून बरोबर, असं कसं मानू? मी गणित शिकवते हो, उत्तर पुस्तकात दिलंय म्हणून बरोबर असं म्हणणारी मुलं मला चालत नाहीत.

तारमास्तर | १३ फेब्रुवारी

हा प्रश्न आवडला. दोन रात्री लागतील.

पहिल्या रात्री गाडी लावू नका. दहा वाजता मीटरचं रीडिंग लिहा, सकाळी सहाला पुन्हा लिहा. तो घराचा रात्रीचा वापर. दुसऱ्या रात्री तेच पंखे, तोच फ्रिज, गीझर सहाच्या आधी कुणी लावायचा नाही, आणि दहाला गाडी लावा. लावताना आणि काढताना बॅटरीचे टक्के लिहून ठेवा. जितकी जास्त बॅटरी भराल तितकं उत्तर खरं, कारण पडद्यावरचे टक्के पूर्णांकात असतात. दहा टक्क्यांच्या चार्जिंगवर हा प्रयोग करून मला शिव्या घालायला येऊ नका. पहिल्या पावसात किंवा भर उन्हाळ्यात पुन्हा केलात तर आकडा थोडा हलेल.

खाडीकाठ | १३ फेब्रुवारी

मी मालवणचा. हा धागा वाचून घाम फुटला. आमचं एकत्र कुटुंब, दोन एसी, विहिरीचा पंप, दोन फ्रिज. गाडी यायच्या आधीच महिन्याला ४२० युनिट. गाडी फणसपोळींइतकीच चालते. मग मी कुठल्या पायरीवर?

तारमास्तर | १३ फेब्रुवारी

तुमची गाडी थेट माडीवर राहायला गेली आहे.

१६२ युनिटांतली पहिली ८० तिसऱ्या पायरीवर, १८.२४ दराने १,४५९ रुपये. उरलेली ८२ पाचशेच्या वर, तिथे १६.६४ अधिक १.१७, शुल्कासह २०.६६, म्हणजे १,६९४. एकूण ३,१५३. १४३ ने भागा, बॅटरीतलं युनिट २२.०५ ला.

पंपावर २१.२४. तुम्हाला घरापेक्षा फास्ट चार्जर महिन्याला शंभरेक रुपयांनी स्वस्त पडतोय.

खाडीकाठ | १३ फेब्रुवारी

काय सांगता! आमच्याकडे वर्षभर सगळे म्हणतायत घरी चार्ज कर, पंपावर लुटतात.

परळ_ते_पावस | १३ फेब्रुवारी

हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे प्रश्न "घर की पंप" हा नाहीच, "घराचं बिल किती" हा आहे.

पण मास्तर, पंपावर जाण्या-येण्याची वीज धरली का? आणि वेळ? मुंबईहून येताना वाटेत दोनदा थांबतो. यंत्रावर ६० किलोवॅट लिहिलेलं असतं, शेजारी दुसरी गाडी लागली की दोघांना तीस-तीस. ऐंशी टक्क्यांनंतर तर मुंगीच्या पावलाने जातं. गणपतीत एकदा दीड तास रांगेत होतो, पुढे चार गाड्या, त्यातली एक मालकाशिवाय. तो वर हॉटेलात मिसळ खात होता.

तारमास्तर | १४ फेब्रुवारी

वाट वाकडी करून जात असाल तर धरायलाच हवं. पंप सहा किलोमीटर आत असेल तर जाऊन-येऊन बारा, आपल्या हिशेबाने छत्तीस रुपये. महिन्यात पाच खेपा केल्या की खाडीकाठांचे शंभर रुपये वाचण्याऐवजी उलटे पडतील. वाटेवरच असेल तर गोष्ट वेगळी. वेळेचा भाव ज्याने त्याने लावावा, मी निवृत्त माणूस, माझा वेळ स्वस्त आहे.

गडनदी | १४ फेब्रुवारी

ह्यां गणित माका आत्ता कळला. माज्या स्कूटरीक महिन्याक पंधराच युनिटां लागतत आणि घरात आम्ही दोघाच म्हातारी-म्हातारो, सत्तर युनिटां. म्हणजे सगळा पयल्या पायरीर. म्हणान शंभर रुपये. बाय, तुझा बरोबर होता, स्कूटर आणि गाडी एकाच मापान मोजूक नको.

खाडीकाठ | १६ फेब्रुवारी

माझ्या भावाचं म्हणणं, सोलर बसवलं की चार्जिंग फुकट. तीन किलोवॅटचं कोटेशन आलंय. खरं का?

तारमास्तर | १६ फेब्रुवारी

फुकट नाही, पण तुमच्यासाठी मोलाचं आहे. नेट मीटरिंगमध्ये छतावरचं युनिट तुमच्या वापरातून वजा होतं. तुमच्या वरच्या पायऱ्याच आधी कापल्या जातील. म्हणजे सोलरचं एक युनिट तुम्हाला वीस रुपये वाचवून देतं, ते गाडीत घाला नाहीतर एसीत. गाडीला "फुकट" म्हटलं तर मग एसीला वीस रुपये लावा, एकदाच मोजायचं. आणि जुलैत आपल्याकडे आभाळ महिनाभर खाली उतरलेलं असतं. कोटेशनवाला मार्चचं उत्पादन दाखवतो, त्याला जुलै-ऑगस्टचे आकडे विचारा.

फणसपोळी | १७ फेब्रुवारी

मास्तर, प्रयोग केला. पहिल्या रात्री घराचे २.२ युनिट. दुसऱ्या रात्री मीटर २२.६ ने सरकलं, म्हणजे गाडीचे २०.४. बॅटरी ३५ टक्क्यांवरून ८० वर गेली. आमची बॅटरी ४० युनिटची, म्हणजे ४५ टक्क्यांचे १८ युनिट. १८ भागिले २०.४ म्हणजे ८८ टक्के!

आठवीच्या वर्गाला शेकडेवारीत हेच उदाहरण घातलं. एका मुलाने विचारलं, "बाई, मग उरलेले बारा टक्के कुणाला मिळाले?" म्हटलं, हवेला.

कातळकडा | ३ एप्रिल २०२५

धागा वर काढतोय. राजापूरच्या सड्यावर घर आहे, खाली सगळा जांभा. गाडीबरोबर आलेला चार्जर १६ अँपिअरच्या सॉकेटला लावतो. डिसेंबरात घेतली तेव्हा छान चालायचा. मार्चपासून लाल दिवा लावून बसतो, चार्जिंग सुरूच होत नाही. त्यामुळे महिनाभर पंपावरच भरतोय, २१ रुपयांनी. घरी १२० युनिटच वापर, म्हणजे तुमच्या हिशेबाने मला घर बरंच स्वस्त आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो सॉकेटमध्ये अर्थिंगच्या पिनला न्यूट्रल जोडून देतो, लगेच हिरवा होईल. देऊ का करून?

तारमास्तर | ३ एप्रिल

नका! आज त्याला घरात घेऊ नका.

चार्जर लाल होतोय कारण त्याला अर्थिंग सापडत नाही. सड्यावरच्या जांभ्यात अर्थिंगचा खड्डा डिसेंबरपर्यंत ओला असतो, मार्चमध्ये खडखडीत कोरडा होतो. कोरडा कातळ वीज घेत नाही. चार्जर ते ओळखतो आणि नकार देतो, तो तुमच्या भल्याचं करतोय. न्यूट्रल जोडलं की तो फसतो, दिवा हिरवा होतो. आणि एखाद्या वादळी रात्री खांबावर न्यूट्रल तुटला की गाडीची पूर्ण बॉडी करंटवर येते. सकाळी ओल्या पायांनी दार उघडायला जाल.

काम असं करा. घराच्या आवारात जिथे माती आहे, विहिरीजवळ, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, माडाच्या आळ्याशेजारी, तिथे खड्डा घ्या. कातळ फोडत बसू नका. त्यात कोळसा-मीठ किंवा बाजारात मिळते ती अर्थिंगची पावडर घालून पाइप पुरा आणि तिथून जाड पट्टी सॉकेटपर्यंत आणा. लांबी वाढली तर वाढू दे. मग टेस्टरने मोजून घ्या, पाच ओहमच्या आत आलं तर उत्तम. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी.

आणि जाता जाता, अर्धा तास चार्ज झाल्यावर सॉकेटला हात लावून बघा. नुसतं कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर पिना सैल आहेत किंवा वायर बारीक. तिथे युनिटही जळतं आणि एक दिवस सॉकेटही.

कातळकडा | ४ एप्रिल

बाप रे. तो आज चार वाजता येणार होता. नको म्हणून कळवलं. आजोबांच्या वेळची बावडी आहे मागे, तिथे बघतो.

एक अजून. रात्री आमच्याकडे व्होल्टेज १८५ पर्यंत पडतं. त्यानेही गळती वाढते का?

तारमास्तर | ४ एप्रिल

वाढते. चार्जर ठरलेल्या अँपिअरपेक्षा जास्त ओढत नाही, म्हणून व्होल्टेज पडलं की वेग पडतो, आठ तासांचं काम दहा तासांवर जातं. गाडीचे मेंदू तेवढा जास्त वेळ जागे. तुमच्याकडे ८८ ऐवजी किती येतं ते फणसपोळींसारखं मोजूनच कळेल. दुपारी व्होल्टेज चांगलं असेल तर सुट्टीच्या दिवशी दुपारी लावा.

परळ_ते_पावस | ४ एप्रिल

एक विचारू? गाडीसाठी वेगळं मीटर घेतलं तर? विद्युत वाहनांसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे असं ऐकतो, तिला पायऱ्या नाहीत.

तारमास्तर | ५ एप्रिल

आहे. स्वतःच्या गाडीला घरगुती मीटरवरून चार्ज करायला परवानगी आहेच, आणि हवं तर त्या वर्गवारीत वेगळी जोडणीही मागता येते. पायऱ्या नाहीत, पण दरमहा मागणी आकार द्यावा लागतो, गाडी चालो न चालो. जोडणीचा खर्च वेगळा. खाडीकाठांसारख्याला फायद्याचं ठरू शकतं, तुमच्या बंद घराला अजिबात नाही. फणसपोळींचं काठावर आहे. एकाच घरात पायऱ्या फोडायला दुसरं घरगुती मीटर मागायची युक्ती मात्र कुणी सुचवू नका, ती चालत नाही.

कोकमसार | ५ एप्रिल

मला नाही पटत. दर महिन्याचा मागणी आकार आणि जोडणीचा खर्च धरला तर पाच वर्षं वसूल व्हायचं नाही. माझ्या मेहुण्याने चौकशी करून सोडून दिलं.

खाडीकाठ | ५ एप्रिल

मी अर्ज करतोय. ५०० च्या वरचं प्रत्येक युनिट बॅटरीत जाईपर्यंत साडेतेवीसला पडतंय मला. मेहुण्याचा वापर किती होता?

कोकमसार | ६ एप्रिल

१८० असेल.

खाडीकाठ | ६ एप्रिल

मग त्याने सोडून दिलं ते बरोबर.

पाणंद | ९ एप्रिल

या सगळ्यापेक्षा पेट्रोल काय वाईट? आणि रोज फास्ट चार्जिंग केलं की बॅटरी लवकर मरते म्हणतात, त्याचे पैसे हिशेबात कुठे आहेत?

फणसपोळी | ९ एप्रिल

पेट्रोलच्या जुन्या गाडीला हजार किलोमीटरला ५५ लिटर लागायचं. १०५ रुपये लिटर धरलं तर ५,७७५. खाडीकाठांची माडीवरची वीजसुद्धा त्याच्या जवळपास अर्ध्यात येते.

बॅटरीचं मलाही जाणून घ्यायचं आहे. मास्तर?

तारमास्तर | ९ एप्रिल

मी तारांचा माणूस, बॅटरीवर अधिकाराने बोलणार नाही. गाडीच्या वॉरंटीच्या पुस्तकात फास्ट चार्जिंगवर काही अट आहे का ते वाचा आणि ज्यांची गाडी लाखभर किलोमीटर पळली आहे त्यांना विचारा.

गडनदी | ९ एप्रिल

मास्तर पयल्यांदाच कायतरी ठावक नाय म्हणाले. तारीख लिवन ठेवा.

फणसपोळी | २८ मे २०२५

थोडी पुढची हकिगत. मार्चपासून मी दर रविवारी मीटर वाचते. बिलाची सायकल १२ तारखेला सुरू होते. महिन्याच्या २४०-२५० युनिटपर्यंत निवांत घरी लावते. पुढे हात आखडता घेते, कारण ३०० च्या वरचं युनिट मला बॅटरीत जाईपर्यंत २०.७२ ला पडतं आणि पंपावर २१.२४. बावन्न पैशांचा फरक. तेव्हा शेवटच्या आठवड्यात सावंतवाडीहून येताना पंप वाटेवर असेल आणि रिकामा असेल तर तिथे वीस मिनिटं वह्या तपासत बसते. गर्दी असेल तर सरळ घरी. मे महिन्यात सुट्टी होती, गाडी कमी चालली आणि पंखे मात्र चोवीस तास, त्यामुळे घरच २१० वर गेलं. म्हणजे गाडी कमी चालली तरी वरची पायरी जवळ येते.

पंपावर एकदा फसले तेही सांगते. चार्जिंग तीन मिनिटांत बंद पडलं, अ‍ॅपने पाचशे रुपये अडकवून ठेवले, चार दिवसांनी परत आले. तेव्हापासून सुरू केल्यावर पाच मिनिटं गाडीपाशीच उभी राहते आणि यंत्रावरच्या युनिटचा फोटो काढते.

कातळकडा, तुमच्या अर्थिंगचं काय झालं?

कातळकडा | २९ मे

बावडीजवळ खड्डा घेतला, चाळीस फूट पट्टी आणली. टेस्टरवर एप्रिलअखेर नऊ ओहम आलं, मास्तरांच्या पाचाच्या आत नाही. तरी चार्जर हिरवा झाला. रोज संध्याकाळी झाडांबरोबर खड्ड्यालाही पाणी घालत होतो, आई म्हणायची, "यालाच तेवढा अजून पालवी फुटायची राहिली."

यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला. परवा पुन्हा मोजलं, चार. पण आता वीजच नाही. रविवारपासून दोनदा तार तुटली, गाडी १८ टक्क्यांवर आहे आणि हायवेवरचा चार्जरही बंद.

तारमास्तर | २९ मे

चार आलं म्हणजे काम झालं. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मोजा, नऊच्या वर गेलं तर त्याच खड्ड्याशेजारी दुसरा पाइप घालून दोन्ही जोडा.

वीज आल्याबरोबर लगेच गाडी लावू नका. तार जोडल्यावर पहिला अर्धा तास व्होल्टेज नाचतं. ट्यूब स्थिर पेटते का बघा, मग लावा.

खाडीकाठ | ३० मे

वेगळ्या मीटरची पाहणी होऊन गेली, कोटेशनची वाट बघतोय. आलं की आकडे इथेच टाकतो. कोकमसार, हिशेब तयार ठेवा.